खोक्यावर सीआरआय ९५, आणि चेहरा मात्र हिरवट

प्रश्न: काका, आई घरूनच माहेश्वरी साड्या विकते आणि तिचे व्हिडिओ मी काढते, इथेच इंदूरला, रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये. कॅमेरा मिररलेस आहे. ऑनलाइन दोन स्वस्त एलईडी पॅनेल मागवले, खोक्यावर ‘सीआरआय ९५+’, म्हणजे रंग खरे दाखवण्याचे शंभरपैकी गुण, छापलेलं होतं. तरी आईचा चेहरा हिरवट येतो. एडिटिंगमध्ये टिंट गुलाबीकडे नेला की हिरवटपणा जातो, पण मग चेहरा मरगळलेला, राखाडी दिसतो आणि मरून साडी चॉकलेटी. दिवसा खिडकीपाशी काढलं तर सगळं छान येतं. दोष कॅमेऱ्याचा की दिव्यांचा? पैसे कुठे घालू?

उत्तर:

दोष दिव्यांचा. त्याच कॅमेऱ्याने, त्याच आईचा, त्याच साडीतला व्हिडिओ खिडकीपाशी छान येतोय, तिथेच कॅमेरा सुटला. दिव्यांत मात्र एक नाही, दोन दोष आहेत, आणि टिंट सरकवून तुम्ही ते नकळत वेगळे करून दाखवलेत. हिरवटपणा गेला तो एक. मरगळ राहिली तो दुसरा. पहिला दोष दिव्यासमोर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाच्या, म्हणजे जेलच्या, तुकड्याने किंवा कॅमेऱ्यातल्या सेटिंगने जातो. दुसरा कशानेच जात नाही, कारण जो रंग दिव्यातून निघालाच नाही तो नंतर आणणार कुठून? त्यामुळे पैसे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी तुमच्या पॅनेलमध्ये दुसरा दोष किती आहे ते बघायला हवं.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा प्रकाश देणारी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीची. तिच्यावर पिवळा फॉस्फर चोपडलेला असतो. थोडा निळा प्रकाश तसाच बाहेर पडतो, बाकीच्याचा फॉस्फर पिवळा-हिरवा करून सोडतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. या प्रकाशाचा आलेख काढला तर डावीकडे निळ्याचा उंच सुळका, मग ४८० च्या आसपास खळगा, नंतर ५५०-५६० ला पिवळ्या-हिरव्याचा रुंद उंचवटा, आणि ६०० च्या पुढे उतार दिसतो. ६४०-६५० पर्यंत, म्हणजे जिथे खरा गडद लाल असतो तिथपर्यंत, उजेड फारच थोडा उरतो. उन्हात असं कुठेच तुटत नाही.

तिथे लाल भरता येत नाही असं नाही. चांगल्या दिव्यात वेगळा लाल फॉस्फर मिसळलेला असतोच. पण दिवा विकला जातो लुमेनवर, आणि लुमेन मोजतात माणसाच्या डोळ्याच्या मापाने. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्याला सगळ्यात जास्त दाद देतो. ६५० च्या लालला त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याची. म्हणजे तेवढीच वीज लालवर खर्च केली तर लुमेन घटतात, आणि हिरव्या-पिवळ्यावर केली तर वाढतात. स्वस्त पॅनेल बनवणारा लाल कापतो आणि हिरवा वाढवतो तो याच हिशोबाने. तुमचे दोन्ही दोष एकाच काटकसरीतून आलेत. महाराणी रोडवर दुकानदार ‘भिया, एकदम डेलाइट है’ म्हणत जो पॅनेल चालू करून दाखवतो, तो खरोखर लख्ख असतो. लख्ख असणं हेच त्याचं काम होतं.

आता चेहऱ्याकडे येऊ. त्वचेच्या रंगात दोन गोष्टी मुख्य असतात, मेलानिन आणि रक्त. मेलानिन निळ्या बाजूचा प्रकाश जास्त शोषतं आणि लालकडे जाताना त्याचं शोषण कमी होत जातं. रक्तातलं हिमोग्लोबिन ५४० ते ५८० च्या दरम्यान, म्हणजे हिरव्या-पिवळ्यात, बराच प्रकाश गिळतं, आणि ६०० च्या पुढे जवळजवळ सोडून देतं. म्हणून कुठल्याही माणसाची त्वचा, गोरी असो की सावळी, ६०० नंतर एकदम जास्त प्रकाश परत पाठवायला लागते. चेहऱ्यावरचा जिवंतपणा, गालाची नि ओठांची लाली, सगळं त्या चढावर असतं. आणि तुमच्या पॅनेलचा प्रकाश नेमका तिथेच उतरणीला लागलेला आहे.

‘व्हाइट बॅलन्स केलं तर कॅमेरा लाल वाढवून घेईल ना?’ असं मला बरेच जण विचारतात. कॅमेरा वाढवतो, पण काय वाढवतो ते बघा. सेन्सरवरच्या लाल फिल्टरला फक्त गडद लाल दिसत नाही, ५८०-६०० चा पिवळा-नारिंगीही दिसतो. स्वस्त पॅनेलखाली लाल चॅनेलमध्ये जो काही प्रकाश पोचतो तो मुख्यतः हाच नारिंगी. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स केलं की कॅमेरा हा नारिंगी तेवढ्या पटीने वाढवतो आणि कागद पांढरा होतो, कारण कागद सगळ्याच लहरी सारख्याच परत पाठवतो. त्वचा तसं करत नाही. ती ५९० ला जेमतेम चढायला लागलेली असते, तिचा खरा चढ पुढे ६२०-६५० ला. तिथे प्रकाशच नाही, म्हणजे तो चढ कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. कागद अगदी पांढरा आणि चेहरा राखाडी, असं एकाच फ्रेममध्ये दिसतं ते यामुळे. मरून साडीचंही तेच. मरून रंग ६०० च्या अलीकडे जवळजवळ काहीच परत पाठवत नाही, तेव्हा त्याच्या वाट्याला फक्त थोडासा नारिंगी येतो, आणि गडद नारिंगी म्हणजे डोळ्याला चॉकलेटीच.

टिंट किंवा सॅच्युरेशन ओढून हे भरून निघत नाही. लाल ओढला तर भिंत, साडीची काठ-किनार, दात, डोळ्यांतला पांढरा भाग, सगळंच तांबूस होतं. सॉफ्टवेअरला चेहऱ्यात किती लाल असायला हवा होता हे कळायला काही मार्ग नसतो. मास्क लावून फक्त चेहरा दुरुस्त करता येतो, पण दर साडीला, दर व्हिडिओला ते कोण करणार?

मग खोक्यावरचा ९५ कुठून आला? सीआरआयची पद्धत सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेची आहे, १९६५ पासूनची, आणि आज वापरतात तिचं रूप १९९५ चं. ठरलेल्या रंगांच्या नमुन्यांवर तुमचा दिवा आणि त्याच रंगतापमानाचा, म्हणजे तितकाच पिवळट किंवा निळसर, आदर्श प्रकाश यांत किती फरक पडतो ते गणिताने काढतात. नमुने चौदा आहेत, पण खोक्यावर जो आकडा छापतात तो फक्त पहिल्या आठांची सरासरी. हे आठही रंग फिकट, मवाळ आहेत. गडद लाल हा नववा नमुना, आर-९, आणि तो सरासरीत धरतच नाहीत.

एक उदाहरण मांडून बघू. समजा एका पॅनेलचे पहिले आठ आकडे ८४, ९०, ९२, ८३, ८३, ८६, ८६ आणि ६६ आहेत. बेरीज ६७०, भागिले आठ, म्हणजे ८४. खोक्यावर ‘सीआरआय ८४’ छापलं तर ते खोटं नाही. त्याच पॅनेलचा आर-९ बारा असू शकतो. शंभरपैकी बारा. फॉस्फर आणखी हलका असेल तर तो शून्याखालीही जातो, कारण या मोजणीत उणे आकडा येऊ शकतो. आठांपैकी शेवटचा नमुना फिकट जांभळट-गुलाबी असतो, त्यात थोडा लाल असतो, म्हणून तेवढा ६६ वर घसरलेला दिसतो. बाकी सात जणांना लालच्या दुष्काळाची झळ फारशी लागत नाही. सरासरी ही अशी, गणितात नापास मुलाचं प्रगतिपुस्तक चित्रकलेच्या गुणांवर पास दाखवणारी.

खरोखर ९५ असलेल्या पॅनेलमध्ये मात्र आर-९ इतका पडलेला नसतो. आठांची सरासरी तिथवर न्यायची तर लाल फॉस्फर घालावाच लागतो. तेव्हा तुम्ही सांगता तशी साडी चॉकलेटी होत असेल, तर त्या खोक्यावरच्या ९५ वर माझा विश्वास नाही. छापायला शाई लागते, मोजायला यंत्र.

हिरवटपणाचा भाग वेगळा आहे आणि सीआरआयला तो जवळजवळ दिसतच नाही. दिव्याचा पांढरा नेमका कुठे पडतो हे सांगायला रंगतापमान पुरत नाही. केल्विनचा आकडा फक्त पिवळट की निळसर एवढंच सांगतो. त्याला आडवी अशी दुसरी दिशा असते, एका टोकाला हिरवा आणि दुसऱ्या टोकाला गुलाबी. या दिशेतल्या चुकीच्या आकड्याला डीयूव्ही म्हणतात. शून्य म्हणजे आदर्श पांढऱ्यांच्या रेषेवर बरोबर, अधिक म्हणजे हिरव्याकडे, उणे म्हणजे गुलाबीकडे. आकडे दिसायला बारीक असतात. घरगुती आणि दुकानी एलईडीत ०.००६ पर्यंतची चूक सर्रास चालवून घेतात, पण कॅमेऱ्यावर चेहऱ्यासाठी ती ढळढळीत दिसते. सीआरआयच्या गणितात डोळा त्या पांढऱ्याला सरावलाय असं आधीच धरून चालतात, त्यामुळे हिरवट दिव्यालाही चांगले गुण मिळू शकतात. तुमचा डोळाही हॉलमध्ये पाच मिनिटांत सरावतो, म्हणून खोलीत बसून तुम्हाला हिरवं दिसत नाही. ५६०० केल्विनवर अडकवलेला कॅमेरा सरावत नाही. तो आहे तसं दाखवतो.

आता घरी तपासा. कागद नको, कारण छपाईच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारं रसायन असतं, ते उन्हात निळसर उजळतं आणि एलईडीखाली तसं करत नाही. ग्रे कार्ड नसेल तर नळाच्या जोडांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सात-आठ थर द्या. टेफ्लॉन दिसणाऱ्या सगळ्या लहरी जवळजवळ सारख्याच परत पाठवतं, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातून मिळणारा याहून चांगला पांढरा नमुना मला माहीत नाही. त्याच्या शेजारी कुंकवाचं बोट ओढा आणि ती मरून साडी ठेवा. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स ५६०० वर पक्का करा, टिंट शून्यावर.

सकाळी दहा-अकराच्या स्वच्छ उन्हात टेफ्लॉन, कुंकू, साडी आणि आईचा तळहात एकाच फ्रेममध्ये घ्या. मग रात्री हॉलमधले बाकी सगळे दिवे बंद करून, पडदे ओढून, फक्त पॅनेलखाली तीच फ्रेम. टेफ्लॉन दोन्हीकडे तितकंच उजळ येईल असं एक्सपोजर ठेवा. आता दुसऱ्या फ्रेममध्ये टेफ्लॉन हिरवट दिसलं तर डीयूव्हीची खात्री झाली. नंतर कॅमेऱ्याचं कस्टम व्हाइट बॅलन्स टेफ्लॉनवरच घ्या आणि पुन्हा एक फ्रेम काढा. टेफ्लॉन पांढरं होईल. आता टेफ्लॉनकडे बघू नका, तळहात आणि कुंकू उन्हातल्या फ्रेमशेजारी ठेवून बघा. कुंकू विटकरी झालं असेल आणि तळहाताची लाली गेली असेल, तर लाल कमी आहे, आणि त्यावर उपाय नाही. कुंकू कुंकवासारखंच राहिलं, तर तुमचा त्रास फक्त हिरव्याचा होता आणि पॅनेल वाचले.

हा प्रयोग करताना एक भानगड टाळा. भिंती पिस्ता किंवा पोपटी रंगाच्या असतील तर दिवा निर्दोष असूनही चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला हिरवं चढतं. पांढरी चादर टांगून बघा. तशीच छतावरची ट्यूबलाइट. दोन वेगळे पांढरे एकत्र आले की एका गालावर एक, दुसऱ्यावर दुसरा, आणि कुठलंच व्हाइट बॅलन्स दोघांना पुरत नाही.

फक्त हिरवटपणा निघाला तर ‘मायनस ग्रीन’ जेल आणा. फिकट गुलाबी पारदर्शक कागद असतो, पूर्ण, अर्धा, पाव आणि आठवा हिस्सा अशा तीव्रतेत मिळतो. पावपासून सुरुवात करा. साधारण पंधरा-वीस टक्के उजेड तो खातो, आणि अर्धा घेतला तर आणखी. कस्टम व्हाइट बॅलन्सने काम भागतंय तर जेल कशाला, असं वाटेल. पॅनेल एकटाच असेल तर नकोच. पण खिडकीचा उजेड सोबत असेल तर कॅमेरा पॅनेलचा हिरवा काढताना खिडकीची बाजू गुलाबी करून टाकतो. अशा वेळी दुरुस्ती दिव्यावरच करावी लागते, आणि जेल त्याचसाठी.

तुमचे पॅनेल दोन रंगांचे असतील, म्हणजे बटण फिरवून पिवळट ते निळसर करता येत असतील, तर जेल आणण्याआधी फुकटची एक युक्ती आहे. अशा पॅनेलमध्ये मधले रंगतापमान वेगळ्या चिपने येत नाही, पिवळट आणि निळसर चिप्स एकत्र पेटवून येतं. आदर्श पांढऱ्यांची रेषा वक्र आहे आणि मिश्रण सरळ रेषेने होतं, त्यामुळे मधल्या भागात मिश्रण वक्राच्या खाली, म्हणजे गुलाबीच्या बाजूला झुकतं. दोन्ही टोकं हिरवट असतील तर मध्ये, ४२०० च्या आसपास, हिरवेपणा बऱ्याचदा आपोआप कमी होतो. चांगल्या पॅनेलमध्ये हीच गोष्ट उलटी नडते, मध्ये चेहरा गुलाबी होतो, म्हणून महाग उत्पादक ती वेगळी दुरुस्त करतात. टेफ्लॉन ठेवून बटण हळूहळू फिरवा, तुमची जागा सापडेल.

लाल कमी निघाला तर पॅनेल चेहऱ्यावरून काढा. फेकू नका. मागच्या भिंतीवर, जिथे त्वचा नाही आणि साडी नाही, तिथे ते चालतात. नवीन दिवा घेताना विक्रेत्याला सीआरआय विचारूच नका, आर-९ किती आणि टीएलसीआय किती हे विचारा. टीएलसीआय हे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचं २०१२ चं माप आहे, आणि त्यात माणसाच्या डोळ्याऐवजी प्रमाण टीव्ही कॅमेऱ्याने काय पाहिलं हे मोजतात. हे इथे महत्त्वाचं आहे, कारण सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड फिल्टर अगदी टोकाचा लाल तसाही कापतो, आणि नुसत्या आर-९ वरून कॅमेऱ्याचं सगळं कळत नाही. टीएलसीआय ९० च्या वर आणि आर-९ ८० च्या वर असला तर मरून साडीसाठी मी निर्धास्त असतो. आर-९ पन्नासच्या खाली असेल तर साडीच्या धंद्याला मी तो दिवा घेणार नाही, गिऱ्हाईक रंग बघून मागवतं आणि रंग बघून परत पाठवतं. आकडे लेखी मिळत नसतील तर कुंकू आणि टेफ्लॉनचा पुठ्ठा घेऊन दुकानात जा.

आमच्या लग्नाच्या व्हिडिओग्राफीत पूर्वी सनगन असायची, हजार वॅटची हॅलोजन. नवरी घामाघूम व्हायची, मांडवातली म्हातारी माणसं शिव्या द्यायची, पण हळद हळदीसारखी आणि शालू शालूसारखा यायचा. तापलेल्या तंतूचा प्रकाश ६५० लाही भरपूर असतो. त्यामुळे तात्पुरती सोय हवीच असेल तर घरात पडलेला हॅलोजन पांढऱ्या भिंतीवर मारून परतलेला उजेड वापरता येईल, कॅमेरा ३२०० वर ठेवून आणि पॅनेल पूर्ण बंद करून. जवळ पडदा नको, काचेला हात लावू नका, आणि अर्ध्या तासाने बंद करा.

पण तुमच्या ठिकाणी मी आधी खिडकीच वापरेन. आईला खिडकीपासून हाताच्या अंतरावर, तिरकं बसवा, थेट ऊन आत येत असेल तर पांढरा मलमलीचा पडदा सोडा. दुसऱ्या बाजूला पॅनेलऐवजी थर्मोकोलची पांढरी शीट उभी करा, तीच सावली उजळेल. पॅनेल मागच्या भिंतीवर. हे दिवसा नऊ ते चारपर्यंत चालतं, आणि आठवड्याच्या साड्या एकाच दुपारी काढता येत असतील तर नवा दिवा दिवाळीपर्यंत लांबवला तरी चालेल. रात्रीच काढावं लागत असेल तर मात्र दोन पॅनेलच्या जागी एकच घ्या, पण आकडे लेखी देणारा, आणि थर्मोकोल तोच ठेवा.